लिपी येत नाही म्हणून शेर वाचायचा नाही?

"उर्दू लिपी शिकल्याशिवाय शेर वाचू नका. १) देवनागरीत उच्चार मरतो, खरा उच्चार उर्दू लिपीतच दिसतो. २) देवनागरीत शेराचं वजन तुटतं. ३) मराठीत अर्थ सांगितला की शेर संपला. ४) देवनागरीत गालिब हे मोबाईलवाल्यांचं नवीन फॅड आहे."

हा मेसेज आमच्या आत्याला आला, तिच्या सकाळच्या फिरायच्या ग्रुपवर, सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाकडच्या बायका आहेत सगळ्या. रिटायर झाल्यापासून ती एका वहीत शेर उतरवते, खाली मराठीत अर्थ. मेसेज वाचून म्हणते, राहू दे बाबा, आपल्याला कुठं ती लिपी येते. म्हणून हे लिहायला बसलो, नाहीतर असल्या फॉरवर्डला कोण उत्तर देत बसतो.

तिच्या वहीतला पहिलाच शेर घेऊ, गालिबचा, सगळ्यांना माहीत असलेला:

हज़ारों ख़्वाहिशें ऐसी कि हर ख़्वाहिश पे दम निकले
बहुत निकले मिरे अरमान लेकिन फिर भी कम निकले

आता पहिला मुद्दा, ज्याच्यावर माझं डोकं सगळ्यात जास्त फिरलं. अहो, उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर साधारणपणे लिहितच नाहीत. ज़ेर, ज़बर, पेश अशा खुणा आहेत त्यासाठी, पण रोजच्या छपाईत त्या गाळतात, वाचणारा संदर्भावरून ओळखतो. 'इस' आणि 'उस' दोन्ही तिथे सारखेच लिहितात, अलिफ़ आणि सीन, बस्स. ह्याच शेरातलं 'मिरे' बघा, मीम, रे आणि बडी ये. तेच 'मरे' म्हणूनही वाचता येतं. देवनागरीत मि ची वेलांटी समोर दिसते, चुकायला जागाच नाही. मग उच्चार कुठल्या लिपीत जास्त दिसतो, सांगा की.

उर्दूत ज़ साठी चार अक्षरं आहेत, ज़ाल, ज़े, ज़ाद, ज़ोए, पण उर्दू बोलणारा चारही एकाच आवाजात म्हणतो. म्हणजे देवनागरीत एक ज़ लिहिला तर शब्दाचं स्पेलिंग जातं, आवाज जात नाही. आणि लिपी आली म्हणजे उच्चार आपोआप येतो असंही नाही. दख्खनी बोलणाऱ्यांत क़ चा ख़ होतो, क़लमला ख़लम म्हणतात, त्यात लहानपणापासून उर्दू लिपी शिकलेलेही असतात, विजापूर वेशीत जाऊन ऐका. त्यांचं काही चुकतंय असं मी म्हणत नाही, ती त्यांची बोली आहे. पण मग 'खरा उच्चार लिपीत' ह्याला काय अर्थ राहिला?

'ख़्वाहिश' तर उलटी गोष्ट आहे. ह्यातला व लिहायचा असतो, म्हणायचा नसतो, उच्चार ख़ाहिश. मराठी माणूस ख्वा म्हणतो कारण देवनागरी छापणाऱ्यांनी उर्दूचं स्पेलिंग जसंच्या तसं उचललं. म्हणजे इथे चूक झाली ती लिपीला जास्त इमानदार राहिल्यामुळे.

आता वजन. इथे मेसेज लिहिणाऱ्याने माधवराव पटवर्धन, म्हणजे आपले माधव ज्यूलियन, ह्यांचं 'छंदोरचना' एकदा उघडायला हवं होतं. फारसीचे प्राध्यापक होते ते, फार्शी-मराठी कोश केलेला माणूस. ह्या शेराची बहर, म्हणजे वृत्त, मफ़ाईलुन चार वेळा, आणि मराठीत त्याचं नाव वियद्गंगा, लगागागा चार वेळा. एक लघु, तीन गुरु. हे मोजायला कुठलीही लिपी आड येत नाही:

ह-ज़ा-रों-ख़्वा | हि-शें-ऐ-सी | कि-हर-ख़्वा-हिश | पे-दम-निक-ले
ब-हुत-निक-ले | मि-रे-अर-मा | न-ले-किन-फिर | भी-कम-निक-ले

टेबलावर बोटाने ठेका धरून म्हणून बघा. प्रत्येक तुकडा हलक्या अक्षराने सुरू व्हायला पाहिजे. जिथे सुरुवातीलाच जड पडतंय तिथे वाचण्यात काहीतरी चुकलं. मराठी वाचणाऱ्याचं साधारण तीन ठिकाणी अडतं. 'मिरे'ला टायपो समजून लोक 'मेरे' करतात आणि मे लांबवतात, तुकडा तिथेच अडखळतो. दुसरं, 'अरमान' म्हणून आपण थांबतो, पण त्यातला न पुढच्या तुकड्यात जातो, अरमा-नलेकिन असं एका ओघात. तिसरं 'पे' आणि 'भी'. आपल्या शाळेतल्या नियमाने दोन्ही गुरु, पण उर्दूत ते आखूड म्हणायची मुभा आहे, इथे भी म्हणजे जवळजवळ भि. आणि गंमत म्हणजे उर्दू लिपीतही 'भी' पूर्ण दीर्घच लिहितात. तिथला वाचणारासुद्धा बहर कानात असेल तरच तो आखूड करतो. मग वजन तुटलं ते लिपीमुळे की ठेका माहीत नसल्यामुळे?

तिसरा मुद्दा अर्ध्यावर मान्य, नाइलाजाने. आत्याने अर्थ लिहिलाय: इच्छा हजारो, आणि एकेक अशी की तिच्यापायी जीव जावा, मनातलं पुष्कळ पुरं झालं, तरी कमीच पडलं. बरोबर आहे. पण 'निकले' एकच क्रियापद तीन कामं करतंय, जीव जातो, अरमान पुरे होतात, हिशोब कमी भरतो, आणि मराठीत त्याची तीन वेगळी क्रियापदं झाली. ते नुकसान आहेच. पण 'अरमान निकलना' म्हणजे इच्छा पुरी होणं हे लिपी येणाऱ्यालाही लिपी बघून कळत नाही, कोणीतरी सांगावंच लागतं. आणि मराठी अर्थ न देता सोडलं तर आपला माणूस 'मनातून इच्छा निघून गेल्या' असा बरोब्बर उलटा अर्थ लावतो, मी ऐकलाय.

देवनागरी खरंच कुठे दगा देते ते ह्या मेसेजवाल्याला माहीतच नाही, म्हणून मीच सांगतो. गालिबचीच ओळ, 'शम्अ हर रंग में जलती है सहर होते तक'. मोबाईलवर सगळीकडे 'शमा' लिहितात. शम्अ म्हणजे आधी गुरु मग लघु, शमा म्हणजे आधी लघु मग गुरु. ओळ सुरू होते गालगागाने, शम्-अ-हर-रं, तिथे शमा घातलं की पहिल्याच पावलाला ठेच. मूळ शब्दात शेवटी ऐन हे अक्षर आहे, उर्दू लिपीत ते डोळ्याला दिसतं, देवनागरीत लिहिणाऱ्याने खाऊन टाकलं. इथे लिपीवाल्यांचं बरोबर. उपाय एवढाच की चांगल्या पुस्तकातून उतरवा, त्यात 'शम्अ' असंच छापलेलं असतं. नुक्त्याचंही तेच, ख़ुदा म्हणजे देव आणि खुदा म्हणजे खणलेला, तो टिंब खायचा नाही. हजारच्या ज़ ची काळजी मात्र नको, आपण तो 'जीव'मधल्या ज सारखा म्हणतच नाही.

आणि चौथा मुद्दा, फॅड. अली सरदार जाफ़रींनी संपादन केलेला दीवान-ए-ग़ालिब मुंबईत १९५८ साली निघाला, एका पानावर उर्दू लिपी, समोरच्या पानावर देवनागरी. संपादक स्वतः उर्दूचे शायर. तेव्हा मोबाईल कुठल्या दुकानात मिळत होता ते ग्रुपवर कळवा.