प्लस नंबरचा चष्मा पातळ करायचा तर आधी फ्रेम मोजा

«प्लस नंबर आहे? सरळ १.७४ ची काच घ्या, सगळ्यात पातळ आणि सगळ्यात हलकी तीच. मग फ्रेम हवी तेवढी मोठी घ्या, काही फरक पडत नाही. ॲस्फेरिक वगैरे दुकानदाराचे जादा पैसे काढायचे बहाणे आहेत.»

या सल्ल्यातले दावे एकेक करून तपासू. त्यातला १.७४ हा आकडा म्हणजे काचेचा इंडेक्स, काच प्रकाश किती वाकवते याचे माप. आधी फ्रेम, कारण सर्वात मोठी चूक तिथेच आहे. मायनसची काच काठाला जाड असते. ती जाडी फ्रेमच्या रुंद कडेआड थोडीफार झाकता येते. प्लसची काच मधोमध जाड असते आणि ते फुगीर पोट फ्रेमच्या बरोबर मध्यभागी दिसते. ही मधली जाडी किती असावी, हे फ्रेमचा आकारच ठरवतो. काच घासताना सर्वात लांबच्या कोपऱ्याशी निदान मिलिमीटरभर कड उरावी लागते, नाहीतर ती फ्रेमच्या खाचेत बसणार नाही. कोपरा जितका दूर, तितकी मध्यभागी काच जास्त ठेवावी लागते.

उदाहरण म्हणून दोन्ही डोळ्यांना +५.०० नंबर आणि ६२ मिमी पीडी, म्हणजे बाहुल्यांमधले अंतर, धरू. फ्रेमच्या काडीवर किंवा पुलाच्या आतल्या बाजूला ५६-१६ असे आकडे असतात. पहिला काचेची रुंदी सांगतो, दुसरा पुलाची. त्यांची बेरीज ७२ होते. त्यातून पीडी वजा केली की १० उरतात, म्हणजे प्रत्येक काचेचा मध्य नाकाकडे ५ मिमी सरकवावा लागेल. अशा फ्रेमच्या काचेची सर्वात लांब तिरकी मोजणी ५८ मिमी असेल, तर ५८, सरकवण्याचे दुप्पट १० आणि घासण्यासाठी २ असे मिळून ७० मिमी व्यासाची गोल काच लागते. आता ४६-१८ ची, थोडी गोलसर फ्रेम घ्या. बेरीज ६४, प्रत्येक डोळ्याला सरकवणे फक्त १ मिमी. तिरकी मोजणी ४८ असेल तर काच ५२ मिमीची पुरते.

मधली जाडी ढोबळमानाने अशी काढता येते: त्रिज्येचा वर्ग × नंबर ÷ (२००० × (इंडेक्स − १)), आणि त्यात कडेचा १ मिमी. मोठ्या फ्रेमसाठी साध्या १.५० च्या काचेत उत्तर सुमारे ७ मिमी येते. तीच फ्रेम १.६७ मध्ये केली तर साडेपाच, १.७४ मध्ये पाचाच्या थोडे वर. छोट्या फ्रेममध्ये साधी १.५० चीच काच साडेचार मिमीच्या आत बसते. सर्वात स्वस्त काच योग्य फ्रेममध्ये बसवली तर ती सर्वात महाग काचेपेक्षा पातळ होते, कारण त्रिज्येचा वर्ग होतो आणि इंडेक्सचा तसा होत नाही. छोट्या फ्रेममध्ये १.६७ घेतली तर आणखी जेमतेम एक मिलिमीटर वाचतो. तो वाचवावा की नाही, हा मग खरोखर खिशाचा प्रश्न उरतो.

वजनाचा दावाही टिकत नाही. साध्या १.५० च्या काचेची, म्हणजे सीआर-३९ प्लास्टिकची घनता १.३२ ग्रॅम प्रति घनसेंमी असते, १.६७ ची साधारण १.३६ आणि १.७४ ची १.४७ च्या आसपास. म्हणजे १.७४ मध्ये जे आकारमान कमी होते, ते पदार्थाच्या जडपणात बरेचसे परत जाते. वरच्या मोठ्या फ्रेममध्ये एका काचेचे वजन १.५० मध्ये अंदाजे १५ ग्रॅम भरेल, १.६७ आणि १.७४ मध्ये दोन्हीकडे साडेबाराच्या आसपास. छोट्या फ्रेममधली साधी काच सात ग्रॅमच्या आत राहते. शिवाय उच्च इंडेक्सच्या काचा रंग जास्त फाकवतात. हे अॅबे क्रमांकाने मोजतात, तो जितका कमी तितके रंग जास्त फाकतात. सीआर-३९ चा तो ५८, तर १.७४ चा ३३ च्या जवळपास, त्यामुळे +५ ला कडेकडून पाहताना अक्षरांना रंगीत झालर दिसू शकते. पदार्थच हलका हवा असेल तर १.११ घनतेचे ट्रायव्हेक्स किंवा १.२० घनतेचे पॉलिकार्बोनेट विचारा. दोन्ही सहज फुटत नाहीत, म्हणून मुलांच्या चष्म्याला तीच घ्यावीत. पॉलिकार्बोनेटमध्ये मात्र रंग १.७४ इतकेच फाकतात.

आता ॲस्फेरिक. वरचे सूत्र सपाट काचेसाठी खरे आहे. नेहमीची गोलीय +५ ची काच पुढून चांगलीच फुगीर ठेवतात, वक्रता ९-१० डायोप्टर, कारण तेवढी ठेवली तरच कडेतून पाहताना प्रतिमा पुसट होत नाही. पण त्या फुगवट्यामुळे ७० मिमीच्या काचेत जाडी सूत्रापेक्षा मिलिमीटरभर वाढून आठाच्या पुढे जाते. नुसती काच सपाट केली तर जाडी उतरते, पण कडेची नजर बिघडते. ॲस्फेरिक पृष्ठभागाची वक्रता मध्यापासून कडेकडे हळूहळू बदलत जाते, आणि सपाट केल्याने आलेला तो दोष तीच भरून काढते. जाडीतला फायदा मोठ्या फ्रेममध्ये मिलिमीटरच्या आसपास मिळतो. छोट्या फ्रेममध्ये तो काही दशांशच असतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

तरीही +३ च्या पुढे ॲस्फेरिक घ्यावे असे आमचे मत आहे, आणि त्याचे कारण डोळ्यांचा दिसणारा आकार. जाड आणि फुगीर +५ मधून प्रतिमा सुमारे १२ टक्के मोठी होते. पातळ, सपाट काचेत हे ९ टक्क्यांवर येते. चष्मा डोळ्यांपासून १३ ऐवजी ११ मिमीवर बसवला तर आणखी एखादा टक्का उतरतो. काच फ्रेमबाहेर कमी डोकावते, समोरच्याला डोळे बटबटीत दिसत नाहीत.

पण ॲस्फेरिक काच चुकीच्या जागी बसली तर तिचा फायदा उरत नाही. पीडी प्रत्येक डोळ्याची वेगळी घ्यायला हवी आणि बाहुलीची उंची फ्रेम चेहऱ्यावर नीट बसवूनच मोजायला हवी. फ्रेम जितकी पुढे कलते, त्या प्रत्येक दोन अंशांना काचेचा मध्य बाहुलीपासून एक मिमी खाली ठेवतात. ही मापे न घेता ॲस्फेरिक विकणाऱ्याबद्दल ग्राहकाची तक्रार रास्तच आहे. आणखी दोन गोष्टी: सपाट काचेच्या मागच्या बाजूवर दिव्याचे प्रतिबिंब जास्त जाणवते, म्हणून अँटिरिफ्लेक्शन कोटिंग लागतेच, आणि पापण्या लांब असतील तर त्या काचेला लागतात का ते आधी पाहावे.

यातले सगळे बरोबर केले तरी एका ठिकाणी घात होतो, तो म्हणजे तयार काच. दुकानात ठेवलेली ६५ मिमीची +५ ची काच त्या व्यासासाठी आधीच जाड घासलेली असते, मध्ये सहा मिमीहून जास्त. ती छोट्या फ्रेमसाठी कापली की बाहेरचा पातळ भाग फेकला जातो, पोट तसेच राहते आणि कड तीन मिमी जाड उरते. छोट्या फ्रेमचा फायदा हवा असेल तर फ्रेमचा आकार ट्रेस करून, त्याच आकारासाठी किमान जाडीत घासलेली काच मागवावी लागते. ऑर्डरवर तसे लिहून घ्या. पूर्ण कडांची फ्रेम निवडा, कारण अर्ध्या फ्रेमच्या नायलॉन दोऱ्याला खाच पाडायला एकाऐवजी सुमारे दोन मिमी कड लागते आणि तो वाढीव मिलिमीटर मध्येही वाढतो.

चष्मा हाती आला की कानाकडची कड बघा. पूर्ण फ्रेमच्या +५ मध्ये ती सर्वात पातळ जागी एक-दीड मिमी असावी. सगळीकडे तीन मिमी असेल, तर तयार काच कापून बसवली आहे.