‘स्क्रॅचलेस, बॅटरी टॉप, फुल किट’: जुना फोन विकायचा हा सल्ला ऐकू नका

«जुना फोन विकताय? १) ओरखड्यांबद्दल काही लिहू नका, टेम्पर्ड ग्लास लावूनच फोटो काढा. २) बॅटरी हेल्थ कमी असेल तर बाजारातून बॅटरी बदलून घ्या, परत १०० दिसते. ३) ८० च्या वर असेल तर ‘बॅटरी नव्यासारखी’ लिहा. ४) बॉक्स असेल तर ‘ओरिजिनल चार्जरसह फुल किट’ लिहा, कुठलाही चार्जर चालतो.»

हा मेसेज फिरत फिरत भाच्यापर्यंत पोचला आणि त्याने आयफोन १३ ची जाहिरात त्याबरहुकूम लिहूनही टाकली. म्हणून उत्तर त्याच फोनचं उदाहरण घेऊन देतो.

सगळ्यात घातक दुसरा मुद्दा, आधी तोच. या फोनमध्ये Settings > Battery > Battery Health & Charging उघडलं की Maximum Capacity ८४ टक्के दिसते. आता बाजारातली बॅटरी टाकली समजा. आयफोन एक्सआर, एक्सएस आणि त्यापुढच्या फोनांत बॅटरीची ओळख फोन तपासतो. ती पटली नाही की Settings > General > About मध्ये Parts and Service History खाली बॅटरीसमोर Unknown Part येतं. काहीच बदललेलं नसेल तर हा भाग दिसतही नाही, त्यामुळे जाणता गिऱ्हाईक फोन हातात घेतल्यावर आधी तिथेच जातो.

मग १०० दाखवतात ते कसे? काही दुरुस्तीवाले जुन्या बॅटरीची छोटी सर्किटपट्टी काढून नव्या सेलला जोडतात आणि प्रोग्रामर नावाचं यंत्र लावून तिच्यातले आकडे बदलतात. फोनला बॅटरी ओळखीचीच वाटते. सेल मात्र कुठला, किती क्षमतेचा, याचा पत्ता नाही. आकडा पट्टी सांगते, वीज सेल देतो. सेल हलका निघाला तर २०-२५ टक्के चार्ज दिसत असतानाच फोन पटकन बंद पडतो. वापरलेल्या आयफोन १३ वर १०० टक्के आणि बॅटरी बदलल्याचं बिल नाही, एवढ्यावरच शंका घ्यायला जागा असते. सेल फुगला तर स्क्रीन कडेने उचलली जाते, तो प्रकार वेगळाच. खरंच बदललेली असेल तर कुठून, कधी बदलली ते लिहा आणि बिलाचा फोटो जोडा. भावात त्याचा फायदाच होतो.

‘८० च्या वर म्हणजे नवी’ हे तर उलटंच आहे. ॲपलचं स्वतःचं सपोर्ट पान सांगतं की आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनांची बॅटरी आदर्श परिस्थितीत ५०० पूर्ण चार्ज सायकलनंतर ८० टक्के क्षमता राखेल अशी बनवलेली असते. म्हणजे ८४ ही बॅटरी बदलायची वेळ जवळ आल्याची खूण. हा आकडा अंदाजी असतो, एखाद-दुसऱ्या टक्क्यावरून भांडू नये, एवढं मात्र मान्य. सायकल किती झाल्या ते Settings मध्ये आयफोन १५ पासूनच दिसतं, तेव्हा १३ च्या जाहिरातीत ‘फक्त २०० सायकल’ असं ठोकून देऊ नका. ‘बॅटरी मूळची, बदललेली नाही, क्षमता ८४ टक्के’ आणि आजचा स्क्रीनशॉट, बास.

ओरखड्यांच्या बाबतीत मेसेजमध्ये अर्ध सत्य आहे: उजेड तिरका पडल्यावरच दिसणाऱ्या केसासारख्या रेघा एकेक मोजत बसायचं कारण नाही, एका ओळीत उरकतात. पण ग्लास काढून, स्क्रीन बंद ठेवून, खिडकीपाशी तिरकी धरून बघाच. नख फिरवल्यावर अडकलं तर तो खोल ओरखडा. त्याची जागा आणि लांबी लिहायची आणि शेजारी नाणं ठेवून फोटो काढायचा. कडेचा पोचा वेगळा, काचेचा तडा वेगळा. तड्याला ‘छोटा स्क्रॅच’ म्हणणं ही सरळ फसवणूक, कारण तडा गेलेल्या फोनच्या पाणीरोधकतेचा भरवसा उरत नाही. भाच्याच्या फोनला लिहायचं ते असं: ‘स्क्रीनवर बारीक रेघा, उजव्या खालच्या कोपऱ्यात ८ मिमीचा ओरखडा, नखाला लागतो. वरच्या डाव्या कडेला एक पोचा. मागची काच आणि कॅमेऱ्याची भिंगं स्वच्छ.’

राहिलं ‘फुल किट’. ॲपलने ऑक्टोबर २०२० पासून बॉक्समधून चार्जर आणि इअरफोन काढून टाकले, म्हणजे आयफोन १३ च्या बॉक्समध्ये चार्जर कधी नव्हताच! ‘बॉक्समधला ओरिजिनल चार्जर’ वाचून जाणकार तिथेच हसतो आणि पुढच्या ओळीही खोट्या धरतो. ‘बॉक्स आणि बिल आहे, केबल मूळची, २० वॉटचा चार्जर वेगळा घेतलेला, तो फोनसोबत देतो, कव्हर नाही’ असं लिहा. *#06# दाबून येणारा आयएमईआय बॉक्सवरच्या नंबराशी जुळवून घ्या आणि जुळतो एवढंच लिहा. बॉक्सच्या फोटोत तो नंबर झाकायला विसरू नका.