सोडियम-क्लोरीनच्या ‘देवाणघेवाणी’बद्दल खुलासा

“सोडियम इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन घेतो आणि या देवाणघेवाणीतच ऊर्जा सुटते, म्हणून मीठ बनतं. खरं ना?”

नाही. आकडेच मांडून पाहू, सगळे किलोज्यूल प्रति मोलमध्ये. सोडियमच्या वायुरूप अणूतून इलेक्ट्रॉन काढायला ४९६ लागतात. क्लोरीनच्या अणूने तो घेतला की सुटतात फक्त ३४९. म्हणजे नुसत्या देवाणघेवाणीत १४७ चा तोटाच.

शिवाय हे अणू आयते मिळत नाहीत. घन सोडियमची वाफ करायला १०८ लागतात आणि क्लोरीनचा रेणू फोडायला २४२. पण आपल्याला एकच क्लोरीन अणू हवा आहे, म्हणून त्यातले निम्मे, १२१. बेरीज केली तर सुटे आयन तयार होईपर्यंत ३७६ खर्च झालेले असतात.

तरीही मूलद्रव्यांपासून एक मोल मीठ बनताना प्रत्यक्षात ४११ बाहेर पडतात. ही मोजता येणारी निर्मिती एन्थाल्पी. मग ३७६ भरून काढून वर ४११ देणारी पायरी एकच उरते: सुटे आयन एकत्र येऊन स्फटिक होणं. तिथे ७८७ सुटतात. हीच जालक एन्थाल्पी. काही पुस्तकं स्फटिक फोडण्याच्या दिशेने व्याख्या करतात, तिथे हाच आकडा धन चिन्हाने येतो, त्यामुळे आधी व्याख्या बघा.

हा हिशेब स्वतः करताना जालक एन्थाल्पी ९०८ आली असेल, तर क्लोरीनचे २४२ निम्मे करायचे राहिलेत. ही चूक मी स्वतः अनेकदा केली आहे.