काकांचे काकपद

रविवारी रात्री आमच्या दादरच्या सोसायटीच्या फलकावर मी हाताने लिहिलेली इंग्रजी सूचना लावली, आणि सोमवारी सकाळी दुधाची पिशवी घ्यायला खाली उतरलो तेव्हा तिच्यात दोन ठिकाणी लाल शाईने भर पडलेली होती. सूचना अवघी चार ओळींची होती. आवारात चेंडू बडवणाऱ्या खोडकर मुलांमुळे एखाद्याला जबर दुखापत होऊ शकते, एवढाच तिचा आशय. खोडकर या अर्थी मी ‘मिस्चिव्हस’ लिहिले होते आणि जबर या अर्थी ‘ग्रीव्हस’. दोन्ही शब्दांत व्ही आणि ओ यांच्यामध्ये खालून काकपद, म्हणजे राहिलेले अक्षर घालण्याची खूण, काढून तिच्या टोकावर एकेक लाल आय बसवलेला होता आणि समासात ‘स्पेलिंग तपासून मगच लावावे’ असा शेरा होता. आमच्या मुलीच्या वर्गमैत्रिणीने जिना चढता चढता तो शेरा मोठ्याने वाचला.

लाल शाई म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे काका, हे सोसायटीत मांजरालाही ठाऊक आहे. मी पिशवी हातात धरूनच त्यांच्या दारात उभा राहिलो. काका कवळी बसवत होते. ती नीट बसेपर्यंत त्यांनी मला तिष्ठत ठेवले, आणि मग माझ्या तक्रारीची वाट न पाहता स्वतःच चौकशी आरंभली.

“प्रीव्हियस कसे लिहितोस?”

“शेवटी व्ही-आय-ओ-यू-एस.”

“ऑब्व्हियस?”

“तसेच.”

“डीव्हियस?”

“तसेच, पण काका...”

“मग मिस्चीव्हियसनेच तुझे काय घोडे मारले आहे? बिचाऱ्याचा आय का खातोस?”

खरे सांगायचे तर काकांच्या या तीन प्रश्नांत ही चूक का होते याचे निम्मे उत्तर आलेले होते. फक्त ते आपण दिले आहे, हे त्यांना मान्य नव्हते. व्हीनंतर ‘इयस’ ऐकण्याची कानाला इतकी सवय झालेली असते की, व्हीनंतर नुसता ‘अस’ आला तर काहीतरी सांडल्यासारखे वाटते आणि हात आपोआप एक आय उचलून तिथे ठेवतो. मात्र प्रीव्हियस, ऑब्व्हियस आणि डीव्हियस हे शब्द लॅटिनमधून येताना आपला आय बरोबर घेऊन आलेले आहेत. फ्युरियस आणि एन्व्हियस यांचा आय मूळ नामाच्या शेवटच्या वायचा आहे. फ्युरी आणि एन्व्ही यांतला वाय प्रत्यय लागताच आय होतो. मिस्चीफ आणि ग्रीफ या नामांच्या शेवटी मात्र वाय नाही, एफ आहे. थीफचे अनेकवचन करताना एफचा व्ही होतो, तसाच तो इथेही होतो, आणि पुढे ओ-यू-एस लागून काम संपते. या दोन्ही नामांत ईच्या आधी एक आय मुळातच आहे. दुसरा कोणी पाठवलेलाच नाही.

हे मी काकांना सांगितले. ते म्हणाले, “आणि स्पेशस? स्पेसच्या शेवटी कुठे वाय आहे? तरी त्यात आय येतोच ना!”

मुद्दा बिनतोड होता, आणि आपले चूक असताना माणसाने असा मुद्दा काढावा यासारखा वैताग दुसरा नाही. नामाच्या शेवटी वाय नसूनही आय घेणारे शब्द इंग्रजीत आहेत, त्यामुळे ही खूण सगळ्या भाषेला लावता येत नाही. या दोन शब्दांपुरती ती चोख चालते. माझ्या मते त्याहून सोपी खूण उच्चाराची आहे. मिस्‌, चि, व्हस अशी तीन अक्षरे आणि ग्री, व्हस अशी दोन. तोंडातून चौथे किंवा तिसरे अक्षर बाहेर पडले की, लिहिताना आगंतुक आय येणार हे नक्की समजावे. मिस्चिव्हसचा जोर पूर्वी दुसऱ्या अक्षरावर पडत असे; साधारण १७०० च्या सुमारास तो पहिल्या अक्षरावर सरकला. काकांसारखी मंडळी आजही ‘चीव्ह’वर जोर देतात, आणि एकदा ‘चीव्ह’ लांबवला की त्याच्या शेपटाला ‘इयस’ लागल्यावाचून राहत नाही, कारण ते डीव्हियसच्या चालीवर बसते.

शांततेसाठी मी एक चूक केली. ही जुनीच गफलत आहे, तो जादा आय सोळाव्या शतकापासून लिहिलेला सापडतो आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांच्या तोंडीही तो उच्चार नोंदला गेलेला आहे, असे मी सांगितले. शब्दकोश आजही त्याला प्रमाण मानत नाहीत, हे वाक्य माझ्या ओठांवर असतानाच काकांनी आत हाक मारली, “अगं ऐकलेस का, माझ्या बाजूने राष्ट्राध्यक्ष आहेत!”

मग मी कायदा काढला. भारतीय दंड संहितेच्या कलम ३२० मध्ये १८६० पासून ‘ग्रीव्हस हर्ट’ होते; १ जुलै २०२४ ला तिच्या जागी नवी न्याय संहिता आली, तिच्या कलम ११६ मध्येही तोच शब्द, त्याच आठ अक्षरांत आहे. त्याला मराठीत जबर दुखापत म्हणतात आणि हाड किंवा दात मोडणे हे त्यात मोडते. स्पेलिंगच्या वादात संहितेचा आधार घेणे हास्यास्पद आहे हे मला कळत होते, पण सकाळपासून चहासुद्धा मिळालेला नव्हता. काकांनी क्षणभर विचार केला आणि विचारले, “कवळी मोडली तर?”

घरी आल्यावर राग थोडा उतरला, तेव्हा ही खोड इंग्रजीपुरती नाही हे लक्षात आले. महानगरपालिकेत अर्ज देणाऱ्या भल्याभल्यांच्या हातून ‘अनाधिकृत बांधकाम’ लिहिले जाते. शब्द अनधिकृत आहे. अन्‌ आणि अधिकृत यांच्या संधीत काना येण्याचे काहीच कारण नाही. पण अनादर, अनावश्यक, अनासक्त या शब्दांत पुढचा शब्दच आने सुरू होत असल्यामुळे काना हक्काने येतो, आणि त्यांच्या संगतीने तो अनधिकृतच्या घरातही बिनभाड्याचा राहायला लागतो. उलट आमच्या कोपऱ्यावरच्या खाद्यगृहाने पाटीवर ‘उपहारगृह’ लिहून हक्काचा काना हाकलून दिला आहे. उप आणि आहार मिळून उपाहार होतो, उपहार म्हणजे भेट, आणि तिथे चहाची भेट अजून कोणाला मिळालेली नाही.

आमच्या सभासद समितीने सूचना ‘वाद टाळण्यासाठी’ काकांच्या दुरुस्तीसह टाइप करून घेण्याचे ठरवले. टाइप करताना दोन्ही शब्दांखाली संगणकाने लाल नागमोडी रेघ ओढली, ती चिटणीसांनी आम्हाला दाखवलीही, आणि छापील कागदावर रेघ उमटत नाही म्हणून कागद तसाच लावला. खाली सही माझी आहे, कारण मूळ मसुदा माझा होता. आता आवारात शिरणारा प्रत्येक पाहुणा त्या दोन अशुद्ध शब्दांचा कर्ता म्हणून माझे नाव वाचतो.

काल पार्किंगची सूचना लिहायची होती. या वेळी मी शहाणपणाने मराठीत लिहिली आणि ‘अनधिकृत’ हा शब्द मुद्दाम सुवाच्य अक्षरात काढला. आज सकाळी त्याच्या ‘न’ला लाल काना होता.