कोहळ्याचा पहिला घाव

आमच्या घरात अख्खा कोहळा बायकांनी चिरायचा नाही, पहिला घाव पुरुषाचा, असा नियम आहे. कुणी केला माहीत नाही, पण ज्यानं केला त्याला स्वतःला कधी चिरावा लागला नसणार एवढं नक्की.

यंदाचा कोहळा मी नवरात्रात आणलेला, कोल्हापुरातल्या कपिलतीर्थ मार्केटमधनं. आईनं बजावून पाठवलेलं, कारण मागच्या वर्षीचं प्रकरण घरात अजून ताजं आहे. तेव्हा मी हिरवागार, तुकतुकीत, दिसायला देखणा असा कोहळा आणला, वर जी थोडीफार पांढरी भुकटी होती ती घाण समजून ओल्या फडक्यानं पुसली, पिशवीत मावेना म्हणून देठाला धरून उचलला, देठ मोडून हातात आला तर म्हटलं बरं झालं, अडचण गेली. आणि कॉटखाली फरशीवर ढकलून दिला. दीड महिन्यानं खोलीत आंबूस वास यायला लागला. आठ दिवस आम्ही उंदीर शोधत होतो. शेवटी कोहळा ओढला तर वरचा भाग हातात आला आणि खालचा फरशीवरच राहिला.

मग भाजीवाल्या मावशींनी शिकवलं. "बाळा, देखणा बघू नगंस, म्हातारा बघ." कोवळ्या कोहळ्याला बारीक टोचणारी लव असते, पिकला की ती झडते आणि राखेसारखी पांढरी भुकटी चढते, हाताला खडूसारखी लागते. ती घाण नव्हे, त्याचं मेणच ते, पाणी आत-बाहेर जाऊ देत नाही, म्हणून धुवायचा नाही, पुसायचा नाही. नख दाबून बघायचं, रुतलं तर कच्चा. देठ वाळलेला आणि दोन-तीन बोटं शिल्लक पाहिजे, कारण देठ मुळापासून निघाला की तिथं खळगा पडतो आणि सड तिथनंच आत शिरते. आणि सारख्या आकाराचे दोन हातात घेतले तर जड तो आपला. असा सहा किलोचा म्हातारा मी तान्ह्या पोरासारखा दोन्ही हातांवर घेऊन रिक्षात बसलो. रिक्षावाले मामा आरशातनं बघत होते.

घरी आईनं जुन्या लुगड्याची चुंबळ केली आणि माळ्यावर, वारं लागंल पण ऊन लागणार नाही अशा जागी त्याला बसवला. फरशीला टेकला की खाली ओल धरते, म्हणून चुंबळ. पंधरा दिवसांनी मी शिडी लावून जायचो, बूड दाबून बघायचो, कुठं मऊ लागतंय का, पाणी सुटलंय का, आणि जरा फिरवून ठेवायचो. एवढी चौकशी मी सासऱ्यांचीसुद्धा केली नसंल.

असा तो होळीपर्यंत टिकला. पाच महिने! आता उन्हं तापली, सांडगे घालायचे, म्हणजे माझा नंबर लागला.

पहिल्या वर्षी मी कोयत्यासारखा सुरा वरनं मारलेला, तो सालीवरनं घसरला आणि अंगठा थोडक्यात वाचला, त्यामुळं आता शहाणा झालोय. पाटाखाली ओलं फडकं घातलं, पाट सरकू नये म्हणून. आधी एका कडेची पातळ चकती उडवून सपाट बूड केलं आणि त्यावर कोहळा बसवला, कारण गोल वस्तू पळते आणि पळणाऱ्या वस्तूच्या मागं सुरा पळतो. मग देठ सोडून शेजारी सुऱ्याचं टोक रुतवलं. देठावरनं जायचंच नाही, तिथं लाकूड असतंय. अर्ध्यात सुरा अडकला. अशा वेळी हिसका द्यायचा नाही, पातं वाकतं नाहीतर सुटून अंगावर येतं. लाटण्यानं पात्याच्या पाठीवर हळूहळू ठोकत गेलो. बायको दारात उभी राहून बघत होती.

"कोहळा पंचमीला टेंबलाईच्या टेकडीवर कोण फोडतंय कोहळा?"

मी ठोकत राहिलो.

"कुमारिका. एवढीशी पोरगी, त्रिशूळानं. आणि तुकड्यासाठी अख्खी टेकडी झोंबती. देवीच्या दारात पोरगी चालती, आणि आमच्या स्वयंपाकघरात तुमचाच मान, व्हय?"

"बोलू नगंस, सुरा हलतोय," एवढंच मला सुचलं.

कर्रर्र करून दोन फाकी झाल्या. आत पांढराशुभ्र, एक डाग नाही. आईनं कोपऱ्यातला तुकडा चाखला, कडू नाही म्हणाली (कडू निघाला तर सरळ टाकायचा, शिजवून बघायच्या भानगडीत पडायचं नाही) आणि "मान झाला तुझा, आता उठ" म्हणून मला बाजूला सारलं.

अर्ध्या कोहळ्याचे सांडगे झाले. उरलेला अर्धा मी मोठ्या रुबाबात परत माळ्यावर ठेवायला निघालो तर दोघी एकदम ओरडल्या. अख्खा पाच महिने राहतो, पण एकदा सुरा लागला की फ्रीजमध्ये चार-पाच दिवस, तेसुद्धा बिया आणि आतला मगज काढून, झाकून. मग फ्रीजमध्ये जागा करायला दुधाचं पातेलं बाहेर काढलं.

दूध संध्याकाळी नासलं.