रातपाळीची खरंच सवय होते का?

"रातपाळीची सवय होते. पहिले दोन दिवस जड जातात, मग शरीर आपोआप जुळवून घेतं. सकाळी घरी येऊन आठ तास झोपलं की हिशेब पूर्ण. आणि पाळी दर आठवड्याला फिरते, मग त्रास कसला?"

सवय होते ती जागं राहण्याची. शरीराचं घड्याळ मात्र बहुतेकांचं जागचं हलत नाही. हे घड्याळ म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेला सुमारे २०,००० पेशींचा पुंजका, आणि तो आपली वेळ मुख्यतः डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून लावून घेतो. पहाटे चार-पाचच्या सुमारास शरीराचं तापमान सर्वांत खाली जातं. त्याआधी पडलेला उजेड घड्याळाला उशिराकडे ढकलतो, त्यानंतरचा लवकरकडे ओढतो.

आता अकरा ते सात अशी तिसरी पाळी करणारा कामगार घ्या. शेडमधल्या दिव्यांमुळे त्याचं घड्याळ रात्रभरात थोडं उशिराकडे सरकतं. सातला पंच करून तो बाइकवर निघतो आणि अर्धा तास ऊन थेट डोळ्यांवर. शेडमधल्या दिव्यांच्या कितीतरी पट प्रखर असलेलं हे ऊन रात्रीची सगळी कमाई परत घेतं. उरलंसुरलं सुट्टीच्या दिवशीची रात्रीची झोप पुसून टाकते. उत्तर समुद्रातल्या तेलफलाटांवर सलग दोन आठवडे रात्री काम करणाऱ्यांची घड्याळं खरोखर उलटलेली आढळली आहेत, पण तिथे कामानंतर उन्हातून घरी जायचं नसतं.

आठ तास झोपायचं म्हटलं तरी झोप तेवढी टिकत नाही. साडेआठला तो आडवा होतो तेव्हा तापमान चढू लागलेलं असतं, झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं मेलाटोनिन हे संप्रेरक ओसरलेलं असतं. दमल्यामुळे डोळा लगेच लागतो, पण एक-दीडला टक्क जाग येते. पोरांच्या आवाजाला दोष देऊ नका, अंधाऱ्या शांत खोलीतही हेच होतं. असे पाच-सहा दिवस साठले की माणूस वसवस करतो आणि घरचे त्याला तिरसट म्हणतात. मला याचं फार वाईट वाटतं.

पाळी कोणत्या दिशेनं फिरते, हेही कुणी विचारत नाही. माणसाचं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांब असल्यामुळे त्याला उशिराकडे जाणं सोपं. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या एका खनिज कारखान्यात पाळ्या दर आठवड्याला उलट्या क्रमानं फिरत होत्या. त्या पहिली, दुसरी, तिसरी अशा सुलट क्रमानं आणि तीन आठवड्यांनी फिरवल्यावर कामगारांचं समाधान वाढलं, उत्पादनही वाढलं. हा अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे तिसरीनंतर दुसरी लावणाऱ्या कारखान्यांनी निदान एवढा क्रम बदलावा. त्यानंही पहाटेची गुंगी जाणार नाही, म्हणून क्रेनचं किंवा चालू वीजलाइनवरचं काम तीन ते पाचच्या दरम्यान ठेवू नये.