सोने स्वस्त आहे हे सिद्ध करण्याची सोपी रीत

सोने अजून फार स्वस्त आहे असे आपले मत आधीच ठरले असेल, तर निम्मे काम झालेच आहे. जगातल्या सोन्याची एकूण किंमत रोखे आणि समभाग यांच्या किमतीपुढे किती थोडी आहे हे दाखवणारा, त्या मताला शोभेल असा एक भागाकार शोधणे एवढेच उरते.

प्रथम अंश तयार करावा. आजवर खाणींतून काढलेले सोने 2024 च्या अखेरीस, जागतिक सुवर्ण परिषदेच्या अंदाजानुसार, सुमारे 2 लाख 16 हजार टन होते. एका टनात सुमारे 32,150 ट्रॉय औंस येतात आणि त्या वेळी औंसाचा भाव सुमारे 2,600 डॉलर होता. गुणाकार केल्यावर सुमारे 18 लाख कोटी डॉलर हा आकडा मिळतो. या भावाने त्या दिवशी प्रत्यक्षात किती सोने विकले गेले, हा प्रश्न मात्र मनात येऊ देऊ नये. अगदी थोड्या सोन्याचा सौदा होतो आणि त्याचा भाव कपाटांतल्या, तिजोऱ्यांतल्या प्रत्येक औंसाला चिकटवला जातो. समभागांचे बाजारमूल्यही असेच काढतात, हे खरे. पण समभागामागे कंपनीचा नफा असतो, रोख्यामागे ठरलेले व्याज आणि परतफेडीची तारीख असते, त्यामुळे भाव फार भरकटला तर तो कशाशी तरी ताडून पाहता येतो. सोने व्याजही देत नाही आणि लाभांशही देत नाही. आपल्या कामासाठी ही मोठीच सोय आहे.

मग छेद घ्यावा. त्याच सुमारास जगातले रोखे सुमारे 145 लाख कोटी डॉलरचे आणि समभाग सुमारे 125 लाख कोटी डॉलरचे होते. तिन्हींच्या बेरजेत सोन्याचा वाटा सहा-सात टक्के भरतो. एवढ्याने वाचक चकित होत नसेल, तर सुमारे 97 हजार टन दागिने वगळावेत, उद्योगांत आणि इतरत्र गुंतलेले सोने वगळावे आणि केवळ विटा, नाणी, सुवर्ण फंड व मध्यवर्ती बँकांचा साठा मोजावा. तो 86 हजार टनांच्या आसपास असल्याने वाटा तीन टक्क्यांच्याही खाली येतो. उद्या सोने महाग आहे असे सिद्ध करायची वेळ आली, तर वगळलेले दागिने परत मोजावेत आणि छेदातून रोखे गाळावेत. अशी लवचिकता फार थोड्या शास्त्रांत आढळते.

यानंतर या कलेतले सर्वांत गाजलेले वाक्य लिहावे: ‘रोख्यांतला केवळ एक टक्का पैसा सोन्याकडे वळला तरी काय होईल, कल्पना करा!’ वाचकाला कल्पनेवर सोडावे, हिशेब करू देऊ नये. तो केला तर एक टक्का म्हणजे सुमारे 1.45 लाख कोटी डॉलर, आणि 2,600 च्या भावाने त्यात सतरा हजार टनांहून अधिक सोने येते. खाणींतून वर्षाला सुमारे 3,600 टनच निघते, म्हणजे हा पुरवठा जवळपास पाच वर्षांचा झाला. इतके सोने आधीच्या मालकांकडूनच मिळवावे लागेल आणि ते त्यांच्या हातून सुटेपर्यंत भावाला चढावे लागेल. इथवर आपली बाजू भक्कम आहे, आणि या तुलनेतला खरा उपयोगी भागही एवढाच आहे: साठा वर्षाला दोन टक्क्यांनीही वाढत नसल्याने, लोकांना आपल्या संपत्तीतला सोन्याचा वाटा वाढवायचा असेल तर तो मुख्यतः भावातूनच वाढतो.

पुढचे दोन मुद्दे मात्र खाली बारीक अक्षरांतही छापू नयेत. एक म्हणजे, पैसा सोन्यात ‘शिरत’ नाही. तो सोने विकणाऱ्याच्या खात्यात जातो, आणि विकलेला रोखाही नाहीसा न होता परतफेडीपर्यंत दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर राहतो. त्यामुळे एक टक्का पैसा हललाच पाहिजे असेही नाही. धारकांचे मत पालटले तर थोड्याशा सौद्यांतूनही भाव उडी मारतो.

दुसरे म्हणजे, ही उडी खालीही बसते. 12 एप्रिल 2013 चा शुक्रवार आणि त्यानंतरचा सोमवार, या दोन दिवसांत औंसाचा भाव सुमारे 1,560 डॉलरवरून 1,360 च्या आसपास आला. तेव्हाचा साठा पावणेदोन लाख टन धरला, तर सुमारे 560 कोटी औंसांवर प्रत्येकी 200 डॉलर, म्हणजे सुमारे 1.1 लाख कोटी डॉलर, ताळेबंदातून पुसले गेले. जमिनीवरचे सोने एका ग्रॅमनेही घटले नव्हते, आणि तो सारा पैसा रोख्यांत गेला म्हणावे तर तेवढे सोने त्या दोन दिवसांत कोणी विकत घेतलेलेही नव्हते. सबब आपल्या आलेखाचा आरंभ 2013 नंतरचा ठेवावा. 2015 च्या अखेरीस औंसाचा भाव 1,060 च्या घरात होता, आणि तिथून काढलेली रेघ वाचकाला फारच पटते.